कन्फाउंडिंग म्हणजे काय? धूम्रपान, वय आणि २० वर्षांनंतरचे मृत्यू

प्रश्न: कन्फाउंडिंगची व्याख्या पाठ आहे पण डोक्यात काही शिरत नाही. एखादं साधं उदाहरण घेऊन सांगाल का? आणि स्टडी डिझाइन करताना आणि नंतर अ‍ॅनालिसिस करताना ते कंट्रोल कसं करायचं?

उत्तर:

व्याख्या जरा बाजूला ठेवा, आधी आकडे बघू. मी शिकवताना कायम हेच उदाहरण घेतो कारण यातला डेटा खराखुरा आहे आणि सगळी आकडेमोड कागदावर करता येते.

इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ व्हिकहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९७२ ते १९७४ मध्ये लोकांचा एक आरोग्य सर्व्हे झाला, आणि २० वर्षांनी त्याच लोकांचा परत माग काढला, कोण जिवंत आहे, कोण गेलं. त्यातल्या बायकांपैकी ज्या सर्व्हेच्या वेळी सिगारेट ओढत होत्या आणि ज्यांनी आयुष्यात कधीच ओढली नव्हती अशा १३१४ जणींचा हिशोब १९९६ मध्ये छापून आला. आधी ओढून मग सोडलेल्या बायका यात धरलेल्या नाहीत.

ओढणाऱ्या ५८२, त्यातल्या २० वर्षांत १३९ वारल्या, म्हणजे २३.९ टक्के. न ओढणाऱ्या ७३२, त्यातल्या २३० वारल्या, म्हणजे ३१.४ टक्के. भागाकार केला तर रिस्क रेशो येतो ०.७६. म्हणजे कागदावर सिगारेट ओढणाऱ्या बायका कमी मेल्या, तेही थोड्याथोडक्या नाही, जवळपास पाव हिश्श्याने कमी. डेटा एंट्रीत चूक नाही, बेरीज चुकलेली नाही, आणि १३१४ हा काही फार छोटा आकडा पण नाही. तरी हा निष्कर्ष चुकीचा आहे हे आपल्याला इतर शेकडो अभ्यासांवरून माहीत आहे. मग गडबड कुठे आहे?

आता याच बायकांचे सर्व्हेच्या वेळच्या वयावरून दोन ढीग करा, ६५ च्या खालच्या आणि ६५ किंवा वरच्या.

६५ च्या खाली ओढणाऱ्या ५३३, वारल्या ९७, म्हणजे १८.२ टक्के. न ओढणाऱ्या ५३९, वारल्या ६५, म्हणजे १२.१ टक्के. ६५ च्या वर ओढणाऱ्या फक्त ४९, वारल्या ४२, म्हणजे ८५.७ टक्के. न ओढणाऱ्या १९३, वारल्या १६५, म्हणजे ८५.५ टक्के.

परत एकदा सावकाश वाचा. तरुण ढिगात ओढणाऱ्या जास्त मेल्या. म्हाताऱ्या ढिगात जवळजवळ बरोबरी, पण किंचित का होईना जास्त ओढणाऱ्याच. दोन्ही ढिगांत कुठेही सिगारेटचा फायदा दिसत नाही, आणि दोन्ही ढीग एकत्र ओतले की मात्र फायदा दिसतो. कन्फाउंडिंग म्हणजे हेच, आणि ते इतकं टोकाला जाऊन निष्कर्ष उलटाच झाला की त्याला सिम्पसन्स पॅराडॉक्स म्हणतात.

हे होतं कशामुळे ते टप्प्याटप्प्याने बघा, कारण सगळा विषय इथेच आहे. ओढणाऱ्या ५८२ जणींमध्ये ६५ च्या वरच्या होत्या ४९, म्हणजे ८.४ टक्के. न ओढणाऱ्या ७३२ मध्ये १९३, म्हणजे २६.४ टक्के. त्या पिढीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या तरुणपणी बाईनं सिगारेट ओढणं फारसं रुळलेलं नव्हतं, आणि ज्या थोड्या ओढत होत्या त्यातल्या काही ६५ गाठायच्या आधीच गेल्या असणार, त्यामुळे म्हाताऱ्यांमध्ये ओढणाऱ्या कमीच सापडल्या. आणि ६५ च्या वरची बाई पुढच्या २० वर्षांत जाण्याची शक्यता सिगारेट असो नसो ८५ टक्क्यांच्या आसपास आहेच.

आता ३१.४ हा आकडा फोडून बघा. न ओढणाऱ्या ७३२ जणींमध्ये जे मृत्यू झाले त्यातले १६५ म्हाताऱ्या बायकांचे, म्हणजे ३१.४ पैकी २२.५ टक्के पॉइंट नुसते तिथून आले, आणि तरुणींकडून फक्त ८.९. ओढणाऱ्यांचं याच्या उलट, २३.९ पैकी म्हाताऱ्यांकडून ७.२ आणि तरुणींकडून १६.७. म्हणजे आपण समजत होतो की आपण सिगारेट ओढणाऱ्या आणि न ओढणाऱ्या अशी तुलना करतोय, पण प्रत्यक्षात बऱ्याच अंशी तरुण गट आणि म्हातारा गट अशी तुलना चालली होती. वयाचा परिणाम सिगारेटच्या नावावर जमा झाला.

आता व्याख्या परत काढा, बघा बसते का. कन्फाउंडर म्हणजे असं तिसरं काहीतरी, जे एक्सपोजरशी, म्हणजे ज्याचा परिणाम तपासतोय त्याच्याशी, जोडलेलं आहे (इथे वय आणि सिगारेट यांचा संबंध), जे आउटकमला, म्हणजे शेवटी जे घडलं त्याला, स्वतःहून कारणीभूत आहे (वय वाढलं की मृत्यूचा धोका वाढतो, न ओढणाऱ्यांमध्ये सुद्धा), आणि जे एक्सपोजरमुळे तयार झालेलं नाही (सिगारेट ओढल्यामुळे कुणाची जन्मतारीख बदलत नाही). तीनही अटी एकदम लागू पडल्या पाहिजेत. नवीन शिकणारे तिसरी अट नेहमी विसरतात, तिच्याकडे मी नंतर येतो.

डिझाइनच्या वेळी, म्हणजे डेटा गोळा करायच्या आधी काय करता आलं असतं? याच गावाचा अभ्यास तुमच्याकडे सोपवलाय असं समजून चला.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रिस्ट्रिक्शन, एकाच वयोगटातल्या बायका घ्यायच्या. समजा फक्त ५५ ते ६४ वयाच्या घेतल्या. ओढणाऱ्या ११५, वारल्या ५१, म्हणजे ४४.३ टक्के. न ओढणाऱ्या १२१, वारल्या ४०, म्हणजे ३३.१ टक्के. वय जवळपास सारखं झालं आणि उलटा निकाल लगेच सुलटा झाला, ११ टक्के पॉइंटचा फरक. पण याची किंमत बघा, १३१४ वरून आपण २३६ वर आलो, आणि त्या ११ चा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल काढला तर तो साधारण उणे १ पासून २४ पर्यंत जातो, म्हणजे शून्य सुद्धा त्यात बसतं. शिवाय जे काही कळलं ते ५५ ते ६४ वयाच्या बायकांबद्दल, चाळिशीतल्या बाईबद्दल तुम्ही काहीच बोलू शकत नाही. म्हणून रिस्ट्रिक्शन मला तेव्हाच आवडतं जेव्हा लोक भरपूर मिळणार असतात आणि प्रश्नच मुळात एका गटाबद्दल असतो.

दुसरा मार्ग मॅचिंग. प्रत्येक ओढणाऱ्या बाईला तिच्याच वयाची न ओढणारी जोडीदार शोधायची. ऐकायला एकदम स्वच्छ वाटतं, पण करायला बसलात की अडतं. या डेटात ४५ ते ५४ वयोगटात ओढणाऱ्या १३० आहेत आणि न ओढणाऱ्या फक्त ७८. एकास एक जोड्या लावल्या तर ५२ बायकांना जोडीदारच नाही, त्या सोडून द्याव्या लागणार. आणि हे फक्त दहा वर्षांच्या ढोबळ गटावर झालं, वर्षाला वर्ष जुळवायचं म्हटलं किंवा वयासोबत शिक्षण, उत्पन्न पण जुळवायचं म्हटलं तर गळती आणखी वाढते.

मॅचिंगबद्दल एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा, कारण इथे अनुभवी लोकही चुकतात. वर सांगितलं ते कोहॉर्टमधलं, म्हणजे लोकांचा पुढे माग काढणाऱ्या अभ्यासातलं मॅचिंग, एक्सपोजरवरून जोड्या. केस कंट्रोल स्टडीत आपण आजारी आणि निरोगी यांच्या जोड्या लावतो, आणि तिथे नुसतं मॅचिंग करून कन्फाउंडिंग जात नाही, कारण कंट्रोल आता तुम्ही वयावरून निवडून आणलेत, म्हणजे त्यांच्यातलं सिगारेटचं प्रमाण पण केसेससारखं व्हायला लागतं आणि निकाल साधारणपणे 'काही फरक नाही' या बाजूला ओढला जातो. म्हणून अ‍ॅनालिसिसमध्ये मॅचिंग धरावंच लागतं, एकास एक जोड्या असतील तर कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन. मी रिव्ह्यू करताना असे पेपर बघितलेत जिथे पद्धतीच्या भागात मॅचिंगचं दोन परिच्छेद वर्णन आहे आणि टेबलात मात्र साधं काय स्क्वेअर लावलंय, जोड्या तोडूनच टाकल्या. वाईट वाटतं कारण डेटा गोळा करायला वर्षं गेलेली असतात.

तिसरा आणि सगळ्यात ताकदीचा मार्ग रँडमायझेशन. कोणाला कुठलं एक्सपोजर मिळणार हे नाणेफेकीवर सोडलं की वय काय, पैसा काय, स्वभाव काय, कशाचाच एक्सपोजरशी संबंध उरत नाही, म्हणजे वरच्या तीन अटींपैकी पहिलीच अट तुटते. आणि हे आपण मोजलेल्या गोष्टींबाबत जितकं खरं तितकंच न मोजलेल्या, आपल्या डोक्यातही न आलेल्या गोष्टींबाबत खरं आहे. बाकी कुठल्याही पद्धतीला हे जमत नाही. पण हे 'सरासरीने' खरं आहे, ४० जणांच्या ट्रायलमध्ये नुसत्या योगायोगाने एका गटात जास्त म्हातारे येऊ शकतात, म्हणून छोट्या ट्रायलमध्ये वयाचे गट पाडून त्या त्या गटात वेगळं रँडमायझेशन करतात. आणि एकदा वाटणी झाली की ती अ‍ॅनालिसिसमध्ये तशीच ठेवायची, अर्ध्यात औषध सोडलेल्याला दुसऱ्या गटात ढकललं की नाणेफेकीने जे कमावलं ते गेलं.

अर्थात सिगारेटचं रँडमायझेशन कोणी करू शकत नाही. माणसांना वीस वर्षं सिगारेट ओढा म्हणून सांगणं अनैतिक आहे, विषय संपला. मात्र जिथे ते शक्य होतं तिथे काय घडलं याचं एक उदाहरण प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावं. पाळी गेल्यानंतर हॉर्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या बायकांना हृदयविकार कमी होतो असं कित्येक निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होतं. मग अमेरिकेत वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या ट्रायलमध्ये १६,६०८ बायकांना इस्ट्रोजेन अधिक प्रोजेस्टिन किंवा प्लासिबो असं रँडमाइझ केलं, आणि २००२ मध्ये तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला कारण स्तनांच्या कॅन्सरसकट तोटे फायद्यांपेक्षा जास्त दिसत होते, आणि हृदयविकाराचा हॅझार्ड रेशो १.२९ आला, म्हणजे संरक्षण तर सोडाच. का फरक पडला यावर खूप चर्चा झाली, ट्रायलमधल्या बायकांच्या पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती हे एक कारण सांगतात, पण दुसरं कारण आपल्या विषयाचंच आहे. स्वतःहून गोळ्या घेणाऱ्या बायका सरासरीने जास्त शिकलेल्या, सुस्थितीतल्या, तब्येतीची काळजी घेणाऱ्या होत्या.

आता अ‍ॅनालिसिसकडे. डेटा आलेला आहे, डिझाइन बदलता येत नाही, हातात फक्त मोजलेल्या गोष्टी आहेत.

पहिली पद्धत आपण वर करूनच टाकली, स्ट्रॅटिफिकेशन, म्हणजे ढीग पाडणं. पण दोन ढिगांचे दोन उत्तर मिळतात, त्यातून एक आकडा कसा काढायचा? सगळ्यात समजायला सोपं ते स्टँडर्डायझेशन. विचार असा करायचा की दोन्ही गटांचं वय सारखंच असतं तर काय झालं असतं. सगळ्या १३१४ मिळून ६५ च्या खाली आहेत १०७२, म्हणजे ८१.६ टक्के, आणि वर आहेत २४२, म्हणजे १८.४ टक्के. हेच वजन दोघांना लावा.

```
ओढणाऱ्या    : 0.816 × 18.2 + 0.184 × 85.7 = 30.6
न ओढणाऱ्या : 0.816 × 12.1 + 0.184 × 85.5 = 25.6
```

२३.९ विरुद्ध ३१.४ होतं ते झालं ३०.६ विरुद्ध २५.६. बायकांचं वय एकसारखं धरलं की ओढणाऱ्यांत ५ टक्के पॉइंट मृत्यू जास्त. कागदावर दोन ओळींत होणारं हे गणित मी विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर उघडायच्या आधी हाताने करायला लावतो, कारण एकदा हे केलं की अ‍ॅडजस्टमेंट हा शब्द जादूसारखा वाटत नाही, ती नुसती वजनं बदलून काढलेली सरासरी आहे.

दुसरी पद्धत मँटेल-हॅन्झेल, प्रत्येक ढिगातल्या रेशोला त्या ढिगात किती माहिती आहे त्या प्रमाणात वजन द्यायचं. दोन ढिगांवर ती लावली तर रिस्क रेशो येतो १.२५. ०.७६ वरून १.२५.

इथे बरेच जण थांबतात, पण थांबू नका. '६५ च्या खाली' हा ढीग १८ ते ६४ असा पसरलेला आहे! त्याच्या आत वय सारखं आहे का? बघूया. मूळ डेटात सात वयोगट आहेत, प्रत्येक खान्यात वारलेल्या भागिले एकूण असं लिहितो.

| वय | ओढणाऱ्या | न ओढणाऱ्या |
|---|---|---|
| १८–२४ | २/५५ | १/६२ |
| २५–३४ | ३/१२४ | ५/१५७ |
| ३५–४४ | १४/१०९ | ७/१२१ |
| ४५–५४ | २७/१३० | १२/७८ |
| ५५–६४ | ५१/११५ | ४०/१२१ |
| ६५–७४ | २९/३६ | १०१/१२९ |
| ७५+ | १३/१३ | ६४/६४ |

६५ च्या खालच्या ढिगात ४५ ते ५४ च्या बायका ओढणाऱ्यांमध्ये २४ टक्के आहेत आणि न ओढणाऱ्यांमध्ये १४ टक्के, आणि पस्तिशीच्या आतल्या न ओढणाऱ्यांमध्ये जास्त आहेत. म्हणजे या ढिगाच्या आत ओढणाऱ्याच थोड्या वयस्क आहेत, एकूण गटात होतं त्याच्या बरोबर उलट. याचा अर्थ दोन ढिगांच्या हिशोबात सिगारेटच्या नावावर आता थोडं जास्तच पाप लागलं होतं. सातही वयोगट घेऊन मँटेल-हॅन्झेल केलं की १.२५ चा १.२१ होतो, आणि फक्त ६५ च्या खालच्यांचा बघितला तर एका ढिगात १.५१ होता तो पाच गटांत पाडल्यावर १.४१ होतो.

याला रेसिड्युअल कन्फाउंडिंग म्हणतात, अ‍ॅडजस्ट केलं तरी उरलेलं कन्फाउंडिंग, आणि ते कुठल्याही दिशेने ढकलू शकतं. म्हणून कोणी 'आम्ही वयासाठी अ‍ॅडजस्ट केलंय' म्हटलं की माझा पहिला प्रश्न असतो, वय कसं टाकलंत? ५० च्या वर खाली असे दोन तुकडे केलेत की वर्षांमध्ये? वयासारखी गोष्ट दोन तुकड्यांत कापणं ही मला सर्वात जास्त दिसणारी आणि सहज टाळता येणारी चूक आहे.

कन्फाउंडर एकच असेल तोपर्यंत ढीग पुरतात. पण वय सात गट, शिक्षण तीन, उत्पन्न चार, वजन तीन असं करत गेलात की २५२ ढीग होतात आणि बहुतेकांत एखाददुसरी बाई किंवा कोणीच नाही. तिथे रिग्रेशन लागतं. रिग्रेशन काही वेगळं करत नाही, तेही वय सारखं ठेवून तुलना करतं, फक्त रिकाम्या ढिगांच्या जागी ते एक गृहीतक वापरतं, म्हणजे वयाबरोबर धोका अमुक एका आकारात वाढतो असं मानतं. आकार चुकीचा मानला तर परत रेसिड्युअल कन्फाउंडिंग. वय सरळ रेषेत टाकण्याऐवजी स्प्लाइन, म्हणजे वळू शकणारी रेघ, टाका, काही बिघडत नाही. आणि जिथे एका बाजूला माणसंच नाहीत (समजा ८० च्या वर एकही ओढणारी नाही) तिथे मॉडेल मुकाट्याने रेघ पुढे ओढून उत्तर देतं, एरर येत नाही, म्हणून दोन्ही गटांच्या वयाचा हिस्टोग्राम एकावर एक ठेवून आधी डोळ्यांनी बघा. प्रोपेन्सिटी स्कोअर, म्हणजे मोजलेल्या गोष्टींवरून काढलेली एक्सपोजर मिळण्याची शक्यता, त्याबद्दल पण लोक विचारतात, चांगली पद्धत आहे, असा ओव्हरलॅप नाही हे तिच्यात लगेच उघडं पडतं, पण ती सुद्धा फक्त मोजलेल्या गोष्टीच सांभाळते, रँडमायझेशनची जागा घेत नाही.

आता ती तिसरी अट. समजा सर्व्हेनंतर दहा वर्षांनी या बायकांची फुफ्फुसाची क्षमता मोजली असती आणि तुम्ही ती मॉडेलमध्ये टाकली असती. क्षमता सिगारेटशी जोडलेली आहे, मृत्यूशी पण जोडलेली आहे, दोन अटी पास. पण ती सिगारेटमुळेच कमी झालीय, म्हणजे सिगारेट माणसाला मारते त्या वाटेवरचाच तो एक टप्पा आहे, मीडिएटर. ती 'सारखी ठेवून' तुलना केलीत की सिगारेटचं जे खरं नुकसान आहे त्यातला मोठा भाग तुम्हीच पुसून टाकलात, आणि आकडा १ कडे सरकला की वाटतं व्वा, कन्फाउंडिंग सापडलं. आकडा दोन्ही वेळा हलतो, कन्फाउंडर टाकला तरी आणि मीडिएटर टाकला तरी, त्यामुळे नुसता हललेला आकडा बघून काय टाकायचं ते ठरवता येत नाही. पी व्हॅल्यू बघूनही ठरवता येत नाही, आणि सॉफ्टवेअरला स्टेपवाइज निवडायला सांगून तर अजिबात नाही. ते डेटाच्या बाहेर, विषयाच्या ज्ञानातून ठरतं. मी साधा कागद घेतो, एक्सपोजर डावीकडे, आउटकम उजवीकडे, आणि प्रत्येक व्हेरिएबलसाठी विचारतो की हे आधी घडलं की नंतर, बाण याच्याकडून एक्सपोजरकडे जातो की एक्सपोजरकडून याच्याकडे. हा कागद डेटा गोळा करायच्या आधी काढला तर त्याचा सर्वात जास्त उपयोग, कारण जे मोजलंच नाही ते नंतर कुठल्याही मॉडेलमध्ये टाकता येत नाही. या डेटात आर्थिक परिस्थिती नाही, आणि १.२१ मध्ये तिचा वाटा किती हे या टेबलाकडे कितीही वेळ बघून सांगता येणार नाही.

अजून एक फरक समजून घ्या, कारण प्रश्न नेहमी येतो. ६५ च्या खाली रिस्क रेशो १.४१ आणि वर जवळपास १, हे वेगवेगळं आहे, मग हे पण कन्फाउंडिंगच का? नाही, हे इफेक्ट मॉडिफिकेशन. कन्फाउंडिंग ही काढून टाकायची चूक आहे, हे मात्र जसंच्या तसं दाखवायचं असतं, दोन्ही गटांचे आकडे वेगळे छापून. इथे तर कारणही दिसतंय, सर्व्हेच्या वेळी ७५ च्या वर असलेल्या सगळ्याच्या सगळ्या ७७ जणी २० वर्षांत वारल्या, मग '२० वर्षांत वारली का' हा प्रश्न त्यांच्याबाबतीत सिगारेटचा फरक दाखवूच शकत नाही. किती वर्षं जगल्या हे विचारलं असतं तर कदाचित दिसला असता.

डेटा हाताळून बघायचा असेल तर R मध्ये `faraway` पॅकेजात हा `femsmoke` नावाने आहे.

```r
library(faraway)
data(femsmoke)
xtabs(y ~ smoker + dead, data = femsmoke)
tab <- xtabs(y ~ smoker + dead + age, data = femsmoke)
mantelhaen.test(tab)
```

यात कॉमन ऑड्स रेशो, म्हणजे वारलेल्या भागिले जिवंत अशा दोन गटांच्या प्रमाणांचा रेशो, १.५३ च्या आसपास दिसेल, १.२१ नाही, त्याने गोंधळू नका. मृत्यू ही इथे दुर्मिळ घटना नाहीये, पाव ते तिसरा हिस्सा बायका वारल्यात, आणि घटना इतकी कॉमन असली की ऑड्स रेशो रिस्क रेशोपेक्षा १ पासून जास्त लांब पडतो. १.५३ बघून 'धोका ५३ टक्क्यांनी जास्त' असं लिहू नका.

मग एक करा, ७५ च्या वरचा गट काढून टाका आणि दोन्ही रेशो परत काढा. ऑड्स रेशो जागचा हलणार नाही, कारण ज्या ढिगात सगळेच वारले त्या ढिगाची मँटेल-हॅन्झेलच्या ऑड्स रेशोत भर शून्य असते, वर पण आणि खाली पण. रिस्क रेशो मात्र १.२१ वरून १.२५ होईल (दोन ढिगांच्या हिशोबात पण १.२५ आलं होतं, तो निव्वळ योगायोग), कारण त्या हिशोबात तो ढीग वर आणि खाली सारखीच रक्कम, १०.८ आणि १०.८, टाकून सगळा रेशो १ कडे ओढत होता. हाताने करायचं असेल तर प्रत्येक वयोगटासाठी ओढणाऱ्यांतले मृत्यू गुणिले न ओढणाऱ्यांची संख्या भागिले गटातल्या एकूण बायका हे वर घ्या, न ओढणाऱ्यांतले मृत्यू गुणिले ओढणाऱ्यांची संख्या भागिले एकूण हे खाली, सगळ्या गटांची बेरीज करा आणि शेवटी एकदाच भागा. सात ओळी आहेत, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कुठला गट उत्तराला किती ओढतोय ते ओळीओळीत दिसतं.